नुकसान सहा हजारांचं, मागणी चाळीस हजारांची: बदनामीची धमकी देणाऱ्या ग्राहकाला काय उत्तर द्यायचं

कोल्हापुरात घरगुती केटरिंग सुरू करणारे बहुतेक जण पहिली मोठी ऑर्डर घेतात ती जावळाची, नाहीतर वास्तुशांतीनंतरच्या जेवणाची. ऐंशी-शंभर माणसं, मटण, तांबडा-पांढरा, भाकरी. कधीतरी काहीतरी चुकतं, आणि चुकलं की ग्राहक चिडतो, ते बरोबरच आहे. पण काही ग्राहक चिडून थांबत नाहीत. झालेल्या नुकसानीच्या पाच-सहा पट रक्कम मागतात आणि दिली नाही तर ऑनलाइन बदनाम करतो म्हणून सांगतात. अशा वेळी धंद्यात नवीन असलेला माणूस एक तर घाबरून पैसे देतो, नाहीतर भांडायला उठतो. छोट्या केटरिंगवाल्यांना अशा तक्रारींची उत्तरं लिहायला मी मदत करतो. त्यात जी पद्धत टिकते ती इथं एका उदाहरणातून सांगतो. उदाहरण हिशेबासाठी रचलेलं आहे, पण त्यातली एकही गोष्ट या धंद्यात नवलाची नाही.

फुलेवाडीत किचन आहे. उचगावच्या एका हॉलमध्ये रविवारी जावळाचं जेवण. ८० ताटं, ताटाला ३०० रुपये, एकूण २४,००० रुपये आणि सगळे मिळालेले. जेवण १२.३० ला पोचायचं होतं. टेम्पो कावळा नाक्यावर अडकला आणि १.१५ ला पोचला. शिवाय शेवटच्या पंगतीला मटण कमी पडलं. घरच्यांनी जवळच्या खानावळीतून १४ ताटं मागवून वेळ निभावली. सोमवारी सकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज आला:

"काल तुमच्यामुळं पै-पाहुण्यांत आमची मान खाली गेली. आज संध्याकाळपर्यंत चाळीस हजार पाठवा. नाहीतर गूगलवर, फेसबुकला, इन्स्टाला सगळीकडं टाकतो. जेवणात अळ्या होत्या म्हणून टाकतो. कोल्हापुरात परत ऑर्डर मिळायची नाही तुम्हाला."

पायरी १: मेसेज वाक्यावाक्यानं वाचा

हा मेसेज एका दमात वाचला की फक्त धमकी दिसते. पण यात चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे.

पाहुण्यांसमोर मान खाली गेली, हे खरं आहे. याला माफी हेच उत्तर. गूगलवर लिहितो, हा त्याचा हक्क आहे. जेवण उशिरा आलं आणि कमी पडलं असं त्यानं शंभर ठिकाणी लिहिलं तरी तुम्हाला हरकत घेता येत नाही. अळ्या होत्या म्हणून टाकतो, हे खोटं आहे आणि खोटं टाकेन असं तो स्वतःच लिहून देतो आहे. चौथी गोष्ट चाळीस हजारांची. ही रक्कम पूर्ण बिलापेक्षाही मोठी आहे आणि ती मागितली आहे गप्प बसण्यासाठी.

इथंच नीट फरक करायला हवा, कारण चिडलेला प्रत्येक ग्राहक ब्लॅकमेल करत नसतो. "पैसे परत द्या, नाहीतर रिव्ह्यू टाकतो" असं म्हणणारा ग्राहक स्वतःचेच पैसे मागत असेल तर त्याला धमकी समजू नका, पैसे द्या. "ग्राहक आयोगात जातो" किंवा "अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करतो" हेसुद्धा त्याचे हक्काचे मार्ग आहेत. खरी नुकसानभरपाई बाजूला ठेवून, फक्त बदनामी टाळण्याची किंमत मागितली जाते तेव्हा प्रकरण वेगळं होतं.

या सगळ्याचा पाया एकच. नुकसानीचा हिशेब आणि रिव्ह्यूचा विषय कायम वेगळे ठेवायचे. नुकसान पूर्ण भरायचं, लवकर भरायचं आणि अट न घालता भरायचं. रिव्ह्यूसाठी एक रुपयाही द्यायचा नाही, आणि रिव्ह्यू टाकू नको म्हणून विनंतीही करायची नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

एक अपवाद आधीच सांगून ठेवतो. जेवून कुणी आजारी पडल्याची तक्रार असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तिथं आधी माणसांची विचारपूस, डॉक्टरचे कागद आणि उरलेल्या अन्नाचा प्रश्न येतो. आकड्यांची घासाघीस तिथं शोभत नाही.

पायरी २: पहिल्या तासाभरात फक्त पोच द्या

उत्तर लगेच लिहायचं नाही, पण गप्पही राहायचं नाही. निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर आलं नाही की समोरचा आणखी तापतो. एवढंच पाठवा:

"नमस्कार साहेब. मेसेज मिळाला. काल नेमकं काय चुकलं ते किचनमध्ये आणि टेम्पोवाल्याकडं विचारून घेतो आणि उद्या सकाळी ११ पर्यंत तुम्हाला लेखी उत्तर देतो. खानावळीच्या आणि हॉलच्या पावत्या असतील तर कृपया फोटो पाठवा."

पावत्या मागितल्यानं बोलणं लगेच आकड्यांवर येतं. खरं नुकसान झालेला माणूस पावत्या पाठवतो. ज्याला फक्त रक्कम हवी असते तो "पावत्या कशाला, चाळीस पाठवा" म्हणतो, आणि तेही लेखी येतं.

फोन आला तर उचला, ऐकून घ्या, माफी मागा, पण रकमेवर बोलू नका. "साहेब, रकमेचं मी तुम्हाला लिहूनच कळवतो" हे वाक्य पाठ करून ठेवा. फोनवर तोंडातून सहज निघणारी दोन वाक्यं सगळं बिघडवतात. एक, "बघतो काहीतरी". दुसरं, "बरं, किती घेणार बोला". दुसऱ्या वाक्यानं तुम्ही चाळीस हजारांवरून सौदा सुरू केलात, आणि सौदा मध्यावर तुटतो. म्हणजे वीस हजारांवर.

या दिवशी आणखी एक मोह होतो. आपल्याकडं तालमीतली पोरं, गल्लीतले दादा, ओळखीचा नगरसेवक हाताशी असतो. कुणाला तरी मध्ये घालावं असं वाटतं. जाणत्या माणसाला सोबत घेऊन माफी मागायला गेलात तर चांगलंच आहे. पण चार जण मोटारसायकलवर दारात उभे राहिले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हेगारी धमकीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते. मध्यस्थाची दुसरी अडचण अशी की तो "दोघांचंही राहू दे, दहा-बारावर मिटवा" म्हणतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं, पण तो तुमचा हिशेब मोडून टाकतो.

पायरी ३: पुरावा आधी, राग नंतर

व्हॉट्सॲपवरचा मेसेज पाठवणाऱ्याला काही काळापर्यंत सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. त्यामुळं मेसेज वाचल्या वाचल्या स्क्रीनशॉट काढा. त्यात वर नंबर आणि खाली तारीख-वेळ दिसली पाहिजे. नंबर नावानं सेव्ह असेल तर त्या नावावर दाबून नंबर दिसणाऱ्या पानाचाही फोटो घ्या. मग पूर्ण चॅट Export chat वापरून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. ऑर्डर घेतानाचं बोलणं, माणसांचा आकडा, वेळ, ॲडव्हान्स हे सगळं त्याच चॅटमध्ये असतं, म्हणून फक्त धमकीचे मेसेज कापून ठेवून भागत नाही. व्हॉइस नोट वेगळी सेव्ह करा. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. पुढं कोर्टात डिजिटल पुरावा द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याच्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ते वकील करून देतात, पण मूळ मेसेज फोनमध्ये असेल तर काम सोपं होतं.

पायरी ४: आपली चूक किती, ते आधी आपल्याच घरात शोधा

नवीन माणूस हे काम टाळतो, आणि उत्तर खरं तर इथंच ठरतं. ग्राहक चाळीस हजार मागतोय म्हणून तो सगळंच खोटं बोलतोय असं धरून चालू नका. आचाऱ्याला आणि टेम्पोवाल्याला वेगवेगळं विचारा. दोघांना एकत्र उभं केलं की एकमेकांकडं बोट दाखवतात.

आपल्या उदाहरणात ८० माणसांना माणशी १५० ग्रॅम कच्च्या मटणाच्या हिशेबानं १२ किलो मटण आणलं होतं. मटणवाल्याची चिठ्ठी १२ किलोची आहे, म्हणजे खरेदी बरोबर. हॉलमध्ये ८० पेक्षा जास्त माणसं आली होती का? वाढप्याला विचारलं, ताटं मोजली, तर आकडा ८० च्या आतच. मग मटण गेलं कुठं? संध्याकाळी किचन आवरताना सुक्याचा एक डबा ओट्याखाली सापडला होता. त्यात कच्च्याच्या मापानं दोन किलोच्या आसपास मटण होतं. दोन किलो म्हणजे १३-१४ माणसांचं. ग्राहकानं १४ ताटं मागवली. आकडा जुळला. चूक आपली, आणि ती पूर्ण आपली.

उलट निघालं असतं तर? समजा ९५ माणसं जेवली होती आणि ऑर्डर ८० ची होती. मग कमी पडलेल्या जेवणाची जबाबदारी आपली नाही, फक्त उशिराची आहे. उत्तरही तसंच लिहायचं. म्हणूनच ऑर्डर घेताना माणसांचा आकडा लेखी घ्यायचा आणि निघताना डबे मोजून टेम्पोवाल्याची सही घ्यायची.

पायरी ५: नुकसान मोजायचं कसं

मोजायची कसोटी साधी आहे. सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं तर ग्राहकाच्या खिशातून किती गेले असते, आणि प्रत्यक्षात किती गेले? या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे त्याचं नुकसान. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७३ याच दिशेनं सांगतं. करार मोडल्यामुळं सहजपणे जे नुकसान होतं ते भरून द्यायचं, दूरचं आणि ओढूनताणून जोडलेलं नाही.

ठरल्याप्रमाणे झालं असतं तर त्याचे २४,००० गेले असते. प्रत्यक्षात २४,००० गेलेच. त्यावर खानावळीची १४ ताटं, ३५० प्रमाणे ४,९०० रुपये. ती आणायला रिक्षा, १५० रुपये. जेवण लांबलं म्हणून हॉलवाल्यानं एका जादा तासाचे १,००० रुपये लावले. फरक ६,०५० रुपये.

इथं एक गोंधळ हमखास होतो. ग्राहक म्हणतो, "ज्या १४ जणांना तुमचं जेवण मिळालं नाही त्यांचे ताटाला ३०० प्रमाणे ४,२०० रुपयेही परत द्या." ऐकायला पटतं. पण ४,२०० ही दिले आणि खानावळीचे ४,९०० ही दिले, तर त्या १४ माणसांचं जेवण त्याला फुकट पडलं. ठरल्याप्रमाणे झालं असतं तर ते फुकट पडणार नव्हतं. त्यामुळं दोन्हींपैकी एकच द्यायचं, आणि त्याच्या पदरचे जास्त गेले आहेत ते द्यायचं. खानावळीचं बिल जास्त आहे, म्हणून ते. त्यानं बाहेरून काहीच मागवलं नसतं तर ४,२०० परत द्यायचे होते.

दुसऱ्या बाजूनं तुम्हीही खेचाखेच करू नका. "त्या १४ जणांनी आमचा भात आणि रस्सा खाल्लाच की, त्याचे वजा करा" असा हिशेब निघू शकतो. तो काढू नका. ऐन पंगतीत माणूस फक्त मटण कुठून आणणार? पूर्ण ताट मागवणं त्या वेळी शहाणपणाचंच होतं. खानावळ आपल्यापेक्षा ५० रुपयांनी महाग होती हेही बोलायचं नाही.

आणि रक्कम गोल करू नका. ६,०५० चे "चला, सात हजार" केले की मोकळ्या मनाचं वाटतं, पण धमकीनंतर वाढवलेला प्रत्येक रुपया धमकीमुळं वाढलेला दिसतो. ६,०५० हा आकडा पावत्यांवर उभा आहे. सात हजार कशावरच उभा नाही.

राहिला प्रश्न मानहानीचा. पाहुण्यांसमोर अवघडलेपण आलं ते खरंच आहे आणि त्याची पावती नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोग मानसिक त्रासाची आणि खर्चाची भरपाईही देऊ शकतो. म्हणून "कायद्यानं तुम्हाला एवढेच मिळतात" असं कधीही लिहू नका. ते खरं नाही. तुम्ही पावतीवरचं नुकसान देताय. त्यापलीकडं त्याला काही हवं असेल तर ठरवणारी जागा आयोग आहे, त्याचा फेसबुक नाही.

पायरी ६: उत्तर

मंगळवारी सकाळी ११ च्या आत हे पाठवायचं. तोच व्हॉट्सॲप नंबर, साधा मजकूर. लेटरहेडवर वकिली थाटाचं पत्र या टप्प्यावर नको.

> नमस्कार साहेब,
>
> रविवारच्या जावळाच्या जेवणात आमच्याकडून दोन चुका झाल्या. जेवण १२.३० ऐवजी १.१५ ला पोचलं. सुक्या मटणाचा एक डबा आमच्या किचनमध्येच राहिला, त्यामुळं शेवटच्या पंगतीला १४ माणसांना मटण कमी पडलं. घरच्या कार्यात पाहुण्यांसमोर तुम्हाला अवघडून उभं राहावं लागलं, याचं मनापासून वाईट वाटतं. आम्ही तुमची आणि घरच्या सगळ्यांची माफी मागतो.
>
> या चुकांमुळं तुम्हाला आलेला जादा खर्च असा: खानावळीची १४ ताटं ४,९०० रुपये, रिक्षा १५० रुपये, हॉलचा जादा तास १,००० रुपये. एकूण ६,०५० रुपये. ज्या नंबरवरून तुम्ही ॲडव्हान्स पाठवला होता त्याच नंबरवर ही रक्कम आज दुपारी ४ पर्यंत पाठवतो. आणखी एखादा खर्च राहिला असेल तर पावती पाठवा, बघून तोही देतो.
>
> ही रक्कम देताना आमची कसलीही अट नाही. तुम्हाला आलेला अनुभव तुम्ही कुठंही लिहू शकता, ग्राहक आयोगाकडंही जाऊ शकता.
>
> जेवणात अळ्या असल्याचं रविवारी आमच्या माणसांना कुणी सांगितलं नव्हतं. तसं काही असेल तर फोटो पाठवा, आम्ही लगेच चौकशी करतो.
>
> पोस्ट टाकू नये म्हणून ४०,००० रुपये देणं आम्हाला मान्य नाही. सोमवारचे मेसेज आम्ही जपून ठेवले आहेत.

यात क्रम महत्त्वाचा आहे. चूक पहिली, माफी दुसरी, पैसे तिसरे, धमकी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी शब्दांत. हे पत्र उद्या आयोगासमोर, पोलिसांसमोर किंवा त्याच्याच भावकीतल्या एखाद्या शहाण्या माणसासमोर गेलं तर तिघांनाही तेच दिसलं पाहिजे: चूक मान्य केली, खर्च दिला, बाकीचं नाकारलं.

चूक एवढी स्पष्ट मान्य केली तर उलटं अंगावर येणार नाही का, असं बरेच जण विचारतात. येईल, पण जेवढी चूक झाली तेवढीच येईल. ४५ मिनिटं आणि १४ माणसं, बस. "काही त्रास झाला असल्यास क्षमस्व" असं मोघम लिहिलं तर दोन तोटे. ग्राहकाला ते टाळाटाळीचं वाटतं, आणि मोघम माफीत उद्या अळ्याही घुसवता येतात.

"अट नाही" हे वाक्य काही जणांना खटकतं. एवढे पैसे देतोय तर रिव्ह्यू टाकणार नाही असं लिहून तरी घ्यावं, असं वाटतं. घेऊ नका. एक तर नकारात्मक रिव्ह्यू बदलण्यासाठी किंवा काढण्यासाठी सवलत किंवा पैसे देऊ करणं गूगलच्या धोरणात बसत नाही. आणि दुसरं, अशी अट घातली की ६,०५० रुपये भरपाई राहत नाहीत, तेही गप्प बसण्याचे पैसे होतात. मग तुम्ही आकडा कमी करून त्याचाच सौदा स्वीकारला, एवढाच अर्थ उरतो.

धमकीच्या वाक्यात "खंडणी", "गुन्हा", "आत टाकीन" असले शब्द नकोत. "पैसे मागणं सोडा, नाहीतर पोलिसांत जातो" असंही नको. मेसेज जपून ठेवलेत एवढं सांगितलं की समजायचं ते तो समजतो.

पायरी ७: पैसे खरोखर पाठवा

लिहिलंय ४ ची वेळ तर ४ च्या आत पाठवा. त्यानं होकार दिला नाही तरी पाठवा. यूपीआयच्या टिपणीत "जावळ जेवण जादा खर्च परत" एवढं लिहा. रोख देऊ नका, भाच्याच्या किंवा मित्राच्या नंबरवर पाठवू नका. ज्याच्याकडून ॲडव्हान्स आला त्याच खात्यावर. त्यानं पैसे परत पाठवले तर "रक्कम तुमच्यासाठी बाजूला ठेवली आहे, हवी तेव्हा सांगा" असं एकदा लिहा आणि थांबा.

बहुतेक वेळा यानंतर "वीस द्या, मिटवून टाकू" असा मेसेज येतो. त्याला एकच उत्तर:

"साहेब, ६,०५० रुपये मंगळवारी दुपारी पाठवले आहेत. पावती असलेला आणखी खर्च असेल तर कळवा. बाकी रकमेबद्दल आमचं उत्तर कालचंच आहे."

त्यानंतर नवीन पावती किंवा नवीन माहिती आल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. मेसेज येत राहतील, तुम्ही ते जपत राहा. नवीन माणूस इथं चुकतो. पाचव्या मेसेजला चिडून काहीतरी लिहितो, आणि नेमका तोच स्क्रीनशॉट गावभर फिरतो.

पायरी ८: पोस्ट पडलीच तर

पडेल असं धरूनच चाला. एका तारेचा रिव्ह्यू आला, त्यात उशीर, कमी पडलेलं मटण आणि अळ्या असं सगळं लिहिलं. तुमचं उत्तर त्या ग्राहकासाठी नसतं. पुढच्या महिन्यात बारशाची ऑर्डर द्यायची म्हणून रिव्ह्यू वाचणाऱ्या माणसासाठी असतं.

> नमस्कार. त्या दिवशी आमचं जेवण ४५ मिनिटं उशिरा पोचलं आणि १४ जणांना मटण कमी पडलं. ही आमची चूक होती आणि त्याबद्दल आम्ही माफी मागितली आहे. त्यामुळं आलेला जादा खर्च दोन दिवसांत परत दिला आहे. जेवणात अळ्या असल्याचं त्या दिवशी आम्हाला सांगण्यात आलं नव्हतं. फोटो असल्यास कृपया पाठवा, आम्ही चौकशी करू.

रक्कम लिहू नका, ग्राहकाचा नंबर, पत्ता, घरच्या कार्याचे फोटो काही टाकू नका. धमकीचा स्क्रीनशॉट रिव्ह्यूखाली लावायचा मोह होतो, तो आवरा. तो पुरावा पोलिसांसाठी आहे. त्याला "ब्लॅकमेलर" म्हटलंत तर बदनामीची तक्रार तोच करू शकतो.

गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलमधून रिव्ह्यूची तक्रार नोंदवता येते, पण अपेक्षा माफक ठेवा. ग्राहक आणि व्यावसायिक यांच्यात खरं कोण, या वादात गूगल पडत नाही. धोरणाचा भंग असेल तरच काढतं. म्हणून तक्रार करताना "हे खोटं आहे" एवढ्यावर न थांबता, पैशांची मागणी करणारे मेसेज या रिव्ह्यूच्या आधीचे आहेत हे संधी मिळेल तिथं दाखवा. नातेवाइकांकडून एका रात्रीत वीस पंचतारांकित रिव्ह्यू टाकून घेऊ नका. ते बनावट ठरतात आणि त्यांच्यासोबत तुमचे खरे रिव्ह्यूही संशयात येतात. त्यापेक्षा गेल्या महिन्याच्या ग्राहकांना अनुभव लिहायला सांगा, काय लिहायचं ते न सांगता.

पायरी ९: पोलिसांकडं कधी

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्यात खंडणीचं कलम ३०८ आहे आणि त्याच्याखालचं पहिलंच उदाहरण असं: पैसे दिले नाहीत तर बदनामीकारक मजकूर छापीन अशी भीती घालून पैसे उकळणं. म्हणजे आपल्या प्रकरणाचा प्रकार कायद्याला ओळखीचा आहे. पैसे दिले गेले तर खंडणीचा गुन्हा पूर्ण होतो. खंडणीसाठी नुसती भीती घातली तरी त्याच कलमात वेगळी शिक्षा आहे.

पण याची मर्यादाही समजून घ्या. कायद्यात हानीची व्याख्या "बेकायदेशीरपणे केलेली" हानी अशी आहे. खरा अनुभव खऱ्या शब्दांत लिहिणं बेकायदेशीर नाही. समोरच्यानं फक्त "उशीर झाला असं लिहितो" म्हटलं असतं तर तुमची बाजू लंगडी झाली असती. इथं "अळ्या होत्या म्हणून टाकतो" हे वाक्य आहे, ते खोटं असल्याचं दाखवता येतं, आणि मागितलेली रक्कम बिलाच्याही वर आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की तक्रारीत दम येतो.

एका मेसेजवर लगेच ठाणं गाठायची गरज नसते. उत्तर दिल्यावर आणि ६,०५० पाठवल्यावरही मागणी चालूच राहिली, रक्कम वाढली, घरच्यांना फोन जायला लागले किंवा खोटी पोस्ट पडून ती काढायचे पैसे मागितले, तर जा. जाण्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखवा. ज्या भागात किचन आहे तिथल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज एका पानाचा पुरे: तारखा, काय चुकलं, काय दिलं, काय मागितलं. सोबत चॅटची छापील प्रत, पावत्या, यूपीआयची पावती. स्वतःची चूक अर्जात लपवू नका. तपास अधिकारी ग्राहकाला बोलावणारच, आणि ती चूक त्याच्या तोंडून आधी कळली तर तुमच्या बाकीच्या सगळ्या म्हणण्यावर संशय येतो.

ग्राहकच आयोगात गेला तर घाबरून जाऊ नका. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथं फी नाही, त्यामुळं तो जाऊ शकतो. तिथं त्याला चाळीस हजार कशाचे ते सांगावं लागेल आणि तुम्हाला मंगळवारचं उत्तर दाखवता येईल. नोटीस आली की ठरलेल्या मुदतीत लेखी म्हणणं द्या. छोट्या धंदेवाल्यांची प्रकरणं बिघडतात ती नोटीस टेबलाच्या खणात पडून राहिल्यानं.

प्रकरण शांत झालं तरी कागद फेकू नका. आयोगात तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं असते. मटणवाल्याची चिठ्ठी, डब्यांची यादी, खानावळीच्या आणि हॉलच्या पावत्यांचे फोटो, एक्सपोर्ट केलेली चॅट आणि यूपीआयची पावती हे सगळं एका फाइलमध्ये घाला, वर कार्याची तारीख लिहा आणि तेवढा काळ ती हाताशी ठेवा. ६,०५० रुपये वहीत "नुकसानभरपाई" म्हणून वेगळे लिहा, विक्रीतून गुपचूप वजा करू नका.